यवतेश्वरच्या घाटासाठी दहा आठवडे: ऑफिसच्या मंडळींना कोचचा मेल

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारच्या साताऱ्यातल्या दहा किलोमीटर धावण्यासाठी तुमच्या ऑफिसातून चौदा नावं आली आहेत. फॉर्मवर तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. तिघं-चौघं अधूनमधून पळतात, बाकीचे शाळा सुटल्यानंतर थेट आता पळणार आहेत. दोघांनी ‘टार्गेट पन्नास मिनिटं’ असं लिहिलंय. त्यांच्यासाठी आधीच सांगतो, की या धावण्यात किती मिनिटांत पळालात यावर देणगीदारांनी पैसे लावलेले नाहीत. जो शेवटची रेघ ओलांडेल त्याच्यामागे ठरलेली रक्कम मुलींच्या वसतिगृहाला मिळणार आहे. एक जण पन्नास मिनिटांत आला आणि दोघं घाटात कठड्यावर बसून राहिले, तर वसतिगृहाचा तोटाच झाला. म्हणून सगळी आखणी एकाच गोष्टीवर बेतली आहे: चौदा जण सुटले, तर चौदा जण पोहोचले पाहिजेत.

आधी रस्ता समजून घ्या. पोवई नाक्यावरून निघून राजवाड्याकडे, तिथून समर्थ मंदिर, मग यवतेश्वरचा घाट. पाच किलोमीटरच्या खुणेला वळायचं आणि आल्या वाटेने परत. गाडीवरून जाताना नाका ते समर्थ मंदिर हा रस्ता चढाचा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पळताना पहिल्या किलोमीटरलाच येतं. त्यापुढचे साधारण दोन किलोमीटर म्हणजे खरा घाट. थोडक्यात, पहिला अर्धा सगळा चढ आणि दुसरा अर्धा सगळा उतार. चढाला दम लागतो आणि उताराला मांड्या लागतात. दोन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते, आणि गंमत अशी की नवीन माणूस फक्त पहिलीचीच काळजी करतो.

दम लवकर येतो, हाडं उशिरा

एवढी एक गोष्ट नीट कळली, तर बाकीचं निम्मं पत्र नाही वाचलं तरी चालेल.

पळायला लागलं की तीन-चार आठवड्यांत श्वासात फरक पडतो. पहिल्या दिवशी एका मिनिटात धापा टाकणारा माणूस महिन्याभरात पाच मिनिटं बोलत बोलत पळतो. हृदय आणि रक्ताभिसरण पटकन जुळवून घेतात. नडगीचं हाड, पोटरीपासून टाचेपर्यंतची शीर, गुडघ्याभोवतीच्या दोऱ्या यांना मात्र तेवढ्याच कामासाठी काही महिने लागतात. शिरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांची बांधणी सावकाश होते. हाडाचं तर असं आहे, की नवीन भार पडला की ते आधी थोडं पोखरलं जातं आणि मग जास्त घट्ट भरून येतं. या मधल्या काळात, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास, हाड आधी होतं त्यापेक्षा नाजूक असू शकतं. नेमका त्याच वेळी दम छान आलेला असतो, अंगात हुरूप असतो, आणि कुणीतरी म्हणतं, “सर, आज जरा जोरात मारूया का?”

ऑफिसच्या गटातली माणसं गळतात ती इथे. पहिल्या आठवड्यात कंटाळून फार थोडे सोडतात. पाचव्या आठवड्यात नडगी धरून बसणारे जास्त. त्यामुळे माझ्या आखणीत चौथा-पाचवा आठवडा तुम्हाला सोपा वाटेल. तो मुद्दाम सोपा ठेवलाय. तिथे आपल्या मनाने भर घालायची नाही.

किती जोरात पळायचं

वेग ठरवायला घड्याळ, ॲप, मनगटावरचे ठोके हे सगळं पहिले सहा आठवडे बाजूला ठेवा, घड्याळ फक्त मिनिटं मोजायला. आपण बाराचा पाढा वापरणार आहोत. पळता पळता मोठ्याने म्हणायचं: बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस. तिन्ही ओळी एका श्वासात, न तुटता आल्या तर वेग बरोबर आहे. दर ओळीनंतर श्वास घ्यावा लागला तर तुम्ही जोरात चालला आहात, लगेच हळू व्हा. हळू होऊनही जमत नसेल तर चालायला लागा. पाढा येत नसेल तर सोबत्याला आज डब्यात काय आहे ते पूर्ण वाक्यात सांगा. तत्त्व तेच.

या वेगाने पळताना लाज वाटते, हे मला माहीत आहे. शाहू स्टेडियमवर चालायला येणारे आजोबा तुमच्या शेजारून पुढे निघून जातील. जाऊ द्या.

आठवडा कसा असेल

मंगळवार, गुरुवार आणि रविवार, एवढे तीन दिवस पळायचं. मधल्या दिवशी पळायचं नाही. चालायला हरकत नाही. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं भराभर चालणं आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश चालणं आलंच, ते मी पुन्हा पुन्हा लिहीत नाही.

पहिले दोन आठवडे मंगळवारी आणि गुरुवारी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. चोवीस मिनिटांत पळणं फक्त आठ मिनिटं. जे आधी पळत आलेत त्यांनीही पहिला आठवडा हेच करायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, सात वेळा. पाचव्यात दोन मिनिटं पळणं आणि एकच मिनिट चालणं, नऊ वेळा. इथे पळण्याचा तुकडा वाढत नाही, विश्रांती कमी होते. सातव्यापासून नवव्यापर्यंत तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, सात-आठ वेळा. ज्यांना हे जड जाईल ते दोनास एकवरच थांबतील आणि त्याच मापाने दहा किलोमीटर पूर्ण करतील. पुढे हिशेब करून दाखवतो.

रविवारी अंतर मोजायचं. पहिले दोन रविवार चार किलोमीटर, मग दोन रविवार पाच, पाचव्या आठवड्यात सहा. सातव्यात सात, आठव्यात आठ. नवव्यात परत पाचावर यायचं आणि दहाव्यात प्रत्यक्ष धावणं. दहा किलोमीटर आधी एकदाही पळून बघायची गरज नाही. आठ किलोमीटर आरामात झाले की उरलेले दोन त्या दिवशी होतात.

सहावा आठवडा मी गाळला नाही, तो दिवाळीचा आहे. कुणी गावी, कुणी पाहुण्यांत, घरात फराळाचे डबे उघडे. त्या आठवड्यात रविवार नाही. मिळेल तेव्हा दोनदा तिसऱ्या आठवड्याचं माप करायचं, बस्स. नाही तरी एव्हाना अंगाला उसंत हवीच असते, दिवाळीने ती सोयीच्या जागी दिली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चकल्या जिरवायला म्हणून दुप्पट पळणाऱ्यांनाच पुढच्या आठवड्यात नडगी दुखते. चुकलेला दिवस चुकला. तो भरून काढायचा नसतो.

नवरात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं. ज्यांचा नऊ दिवसांचा उपवास आहे त्यांनी त्या दिवसांत पळण्याऐवजी अर्धा-पाऊण तास चालावं, किंवा पहिल्या आठवड्याचंच माप करावं, आणि संध्याकाळच्या फराळाआधी तासभर पाणी-ताक घेऊन करावं. जे नऊ दिवस अनवाणी असतात त्यांनी पळताना बूट घालायचे नसतील तर पळूच नये. आयुष्यभर बुटात राहिलेला पाय डांबरावर अनवाणी पळाला तर चवड्याची आणि नडगीची हाडं धरतात. देवीला चालत जा, पळायला दसऱ्यानंतर या.

पहिल्या मंगळवारच्या आधी एक काम. ज्यांना रक्तदाब, साखर किंवा हृदयाची काही तक्रार आहे, ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झालाय, किंवा ज्यांनी चाळिशी ओलांडलीय आणि बरीच वर्षं व्यायाम केलेला नाही, त्यांनी डॉक्टरांना दाखवून या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना खास विचारा, कारण पळताना साखर एकदम खाली येऊ शकते. अशांनी खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवायची आणि सोबत्याला सांगून ठेवायचं. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर थांबायचं आणि शेजारच्याला सांगायचं. ‘गॅस झाला असेल’ असं ठरवायचा अधिकार त्या वेळी तुम्हाला नाही.

नडगी दुखली तर

ही तक्रार चौदापैकी निदान दोघा-तिघांना येईल असं धरून चाला. दुखणं नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, खालच्या भागात येतं. घरी बसून स्वतः तपासता येतं. पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि अंगठ्याने घोट्यापासून वर, हाडाच्या आतल्या कडेकडेने, बोटभर अंतर सोडत दाबत जा.

चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं ठणकत असेल, तर ती नेहमीची नडगीदुखी. भार एकदम वाढला, रस्ता कडक होता किंवा बुटांचे तळ गेले, म्हणून हाडाचं आवरण आणि त्याला धरलेले स्नायू चिडलेत. चार-पाच दिवस पळणं बंद ठेवा. चालताना दुखत नसेल तर चाला. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. परत याल तेव्हा आधी जिथे होतात त्याच्या एक पायरी खालून सुरू करा. दोनास एकवर असाल तर दोनास दोनवर या.

पण अंगठा एकाच जागी पडला आणि तिथे, एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेत, जीव जाईल अशी कळ आली, तर गोष्ट वेगळी आहे. त्या एका पायावर जागच्या जागी उडी मारली की तीच कळ उठते, रात्री झोपेतही ठणकतं. अशा वेळी हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं त्याच दिवशी बंद, आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे तर बरा आलाय’ म्हणून परत पळायला येऊ नका. वेदनाशामक गोळी खाऊन पळणं तर अजिबात नको. गोळी दुखणं लपवते, चीर वाढतच राहते.

बाकीच्या दुखण्यांना साधा नियम पुरेसा आहे. पळायला लागल्यावर कमी होत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नसेल, तर चालू ठेवा. पळता पळता वाढत गेलं, किंवा त्यामुळे चाल बदलली, लंगडलात, तर तिथेच थांबा.

नडगी वाचवायचा एक व्यायाम ऑफिसच्या जिन्यावरच करता येतो. पायरीच्या कडेवर दोन्ही चवडे ठेवायचे, टाचा हवेत, कठड्याला हाताचा आधार. टाचा वर उचलायच्या आणि मनात चार मोजत सावकाश खाली सोडायच्या. बारा वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. फायदा आहे तो सावकाश खाली सोडण्यात. चहाच्या सुट्टीत दोघं-तिघं मिळून केलंत तर कुणी हसणार नाही. हसलं तर त्यालाही उभं करा.

सगळ्यांनी एकत्र कसं राहायचं

ऑफिसच्या गटात दुसऱ्या रविवारपासूनच तीन तुकडे पडतात. पुढचे कंटाळतात, मागचे ओशाळतात, आणि तिसऱ्या रविवारी मागचे येत नाहीत. यावर एक जुनी युक्ती आहे. रविवारी सगळ्यांनी एकाच जागेवरून सुटायचं. ठरलेली मिनिटं झाली, समजा वीस, की जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं. वेगवान माणूस लांब गेलेला असतो, त्याला परत यायला तेवढंच अंतर जास्त. हळू माणूस जवळून फिरतो. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास सगळे एकाच वेळी चहाच्या टपरीवर. पुढचे परतताना मागच्यांना भेटतात, कुणी वाटेत अडखळलं असेल तर दिसतं. अंतर मात्र आपापलं वेगळं होईल. म्हणून मी वर दिलेले रविवारचे किलोमीटर मधल्या वेगाच्या माणसाचे आहेत असं समजा. मागच्यांचे थोडे कमी भरतील, तरी पायांवर घालवलेला वेळ सारखाच.

चढाच्या रस्त्यावर हा हिशेब बिघडतो, कारण परतीला उतार असतो आणि सगळेच लवकर येतात. म्हणून पहिले तीन रविवार सपाटीवरच.

रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा. दोघांपेक्षा जास्त शेजारी शेजारी नको. कानात गाणी नकोत. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं थांबवून चालायला लागा. पळणारा पाय दिसला की ते मागे लागतं.

घाट

आता उताराची गोष्ट. चौथ्या रविवारी आपण समर्थ मंदिराशी जमू. घाटात एक किलोमीटर चालत वर जायचं आणि पळत, अगदी हळू, खाली यायचं. उरलेलं अंतर गावातून. एवढंच. तुम्ही म्हणाल, चढ चालायचा तर तयारी कसली? तयारी उताराची आहे.

उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला अंगाचं वजन पेलत लांब व्हावं लागतं. प्रत्येक पावलाला तो ब्रेक लावतो. या कामाची सवय नसलेल्या स्नायूत बारीक बारीक जखमा होतात आणि दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. रविवारी उतरलात तर सोमवारी ‘काही नाही झालं’ म्हणाल. मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरून, एक एक पायरी, तिरपं होऊन उतराल. चढताना काही दुखणार नाही, उतरतानाच दुखेल, आणि खुर्चीत बसताना शेवटच्या वीतभर अंतरावर अंग धपकन सोडावं लागेल. त्या मंगळवारी पळायचं नाही, चालायचं.

स्नायूची एक चांगली सवय आहे. असा मार त्याने एकदा खाल्ला की पुढचे काही आठवडे तो तेवढ्या मारानं दुखत नाही, किंवा फारच कमी दुखतो. म्हणून थोडा उतार आधी पाजायचा. चौथ्या आठवड्यात एक किलोमीटर, सातव्यात दीड, आठव्यात पूर्ण दोन. त्यानंतर धावण्याच्या दिवसापर्यंत घाट बंद. दुखणं ओसरून गेलेलं असेल आणि अभ्यास पायात राहिलेला असेल. जे लोक चढाचाच सराव करतात आणि उतार गाडीत बसून येतात, ते त्या दिवशी आठव्या किलोमीटरला मांड्या धरून उभे राहतात.

उतरायचं कसं, तेही सांगतो. नवीन माणूस उतारावर मागे रेलतो आणि टाच पुढे टाकून ब्रेक मारतो. त्याने वेग फारसा कमी होत नाही, गुडघ्याला मात्र दणका बसतो. अंग सरळ, किंचित उताराच्या दिशेने झुकलेलं ठेवा. पावलं छोटी आणि भराभर, जणू तापल्या फरशीवर चाललोय. गुडघा ताठ करू नका. नजर पायाशी नको, दहा-पंधरा फूट पुढे ठेवा. पायाचा ‘थाड थाड’ आवाज येत असेल तर पाऊल लांब पडतंय, आणखी छोटं करा. वळणावर आतली कड जास्त उताराची असते, तिथे आत कापत जाऊ नका. शिवाय समोरून येणारी गाडी तिथेच दिसत नाही. कासला जाणाऱ्या गाड्या रविवारी सात-साडेसातनंतर वाढतात, म्हणून घाटातले आपले रविवार पहाटे सहाला सुटतील.

चढ सोपा आहे, म्हणजे समजायला सोपा. सपाटीचा वेग चढावर धरायचा नाही, सपाटीचा श्वास धरायचा. पाढा म्हणत राहा. घाटात बहुतेकांना एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं परवडतं. कुणी नुसतंच भराभर चाललं तरी फार मागे पडत नाही. चढावर दम टाकत पळणारा आणि ठेक्यात चालणारा यांच्यात फारसं अंतर पडत नाही, हे आठव्या आठवड्यात डोळ्यांनी बघाल.

त्या दिवसाचा हिशेब

समजा तुमच्यातल्या एक मॅडम आहेत. सपाटीवर त्या सात मिनिटांत एक किलोमीटर पळतात आणि भराभर चालल्या तर दहा मिनिटांत एक. दोनास एकचं माप. तीन मिनिटांत त्या पळून 285 मीटर आणि चालून 100 मीटर, म्हणजे 385 मीटर जातात. किलोमीटरला पावणेआठ मिनिटं पडली. नुसतं पळण्याच्या आणि यात किलोमीटरमागे फरक फक्त पाऊण मिनिटाचा, आणि पाय ताजे.

धावण्याच्या दिवशी गावातून चढत जाणारे पहिले तीन किलोमीटर त्यांनी सव्वाआठच्या वेगाने काढले: जवळपास पंचवीस मिनिटं. घाटातले दोन किलोमीटर दहाच्या वेगाने: वीस मिनिटं. वळणाला पंचेचाळीस. उतरताना दोन किलोमीटर साडेसातने, म्हणजे पंधरा मिनिटं. शेवटचे तीन गावातून, हलक्या उताराने, सात वीसने: बावीस. एकूण ब्याऐंशी मिनिटं.

आता त्याच मॅडम गर्दीच्या ओघात साडेसहाने सुटल्या असं धरा. समर्थ मंदिराशी साडेएकोणीस मिनिटांत, साडेपाच मिनिटं पुढे. पण दम तिथेच संपलेला. घाट पूर्ण चालत, बाराच्या वेगाने: चोवीस मिनिटं. वळणाला साडेत्रेचाळीस. अजूनही दीड मिनिट पुढे आहेत, पण मांड्या पिळून निघाल्यात. उतार आठने: सोळा. शेवटचे तीन किलोमीटर कधी चालत, कधी रखडत, नऊने: सत्तावीस. एकूण साडेशहाऐंशी. सुरुवातीला कमावलेली साडेपाच मिनिटं गेली, वर साडेचार मिनिटं पदरची गेली. आणि हा ‘पोहोचल्या’ असा हिशेब आहे. पोटरीत गोळा आला तर तोही नाही.

म्हणून पोवई नाक्यावर सुटताना सगळ्यांनी गर्दीच्या मागच्या भागात उभं राहायचं. पहिलं चालणं दोन किंवा तीन मिनिटांनीच घ्यायचं, दमल्यावर नाही. लोक बघतील, पुढे जातील. राजवाडा ओलांडेपर्यंत तुम्हाला फार हळू चाललोय असं वाटलं, तर समजा बरोबर चाललाय.

किरकोळ गोष्टी पटकन. बूट पळण्याचेच घ्या, महाग नसले तरी चालतील. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. धावण्याच्या दिवशी नवीन काहीही घालायचं नाही, संस्थेने दिलेला नवा टी-शर्टसुद्धा आधी एकदा धुऊन, घालून पळून बघा. काखेत, मांड्यांत आणि पुरुषांनी छातीवर व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. आदल्या रात्री रोजचंच जेवण, मिसळ आणि भजी दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी सुटण्याच्या दीड-दोन तास आधी केळं आणि वाटीभर कमी तेलाचे पोहे. चहाची सवय असेल तर चहा घ्या, नसेल तर त्याच दिवशी सुरू करू नका. डिसेंबरातल्या सकाळी दीड तासासाठी तहान लागेल तेवढं पाणी पुरतं. प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करायची गरज नाही, पोटात डुचमळतं. आधीच्या दोन दिवसांत ताप येऊन गेला असेल तर पळायचं नाही, मला फोन करायचा. त्या माणसाच्या नावाची देणगी मी आयोजकांशी बोलून बघेन.

रेघ ओलांडली की लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, नाहीतर भोवळ येते. सोमवारी, मंगळवारी ऑफिसची लिफ्ट वापरली तरी चालेल. पुढचं पळणं गुरुवारी, एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा.

येत्या मंगळवारी सकाळी सहाला शाहू स्टेडियमच्या गेटवर भेटू. जुने का होईना, बूट आणि पाण्याची बाटली आणा. डॉक्टरांना दाखवायचं राहिलेल्यांनी त्या दिवशी चालायला या, पळायला नाही.

तुमचा,
कोच